स्प्रिंट एक आठवड्याचा, दोनचा की तीनचा? रिक्वायरमेंट किती वेळा बदलतात यावरून ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्प्रिंटच्या लांबीचा आणि रिक्वायरमेंट बदलण्याचा नेमका संबंध काय?

प्लॅनिंगच्या दिवशी टीम काही स्टोऱ्या उचलते, तेव्हा तिने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, स्प्रिंट संपेपर्यंत या स्टोऱ्या आज जशा हव्या आहेत तशाच हव्या राहतील. स्प्रिंट जितका लांब, तितका काळ हे गृहीतक टिकायला हवं. क्लायंटचं मत साधारण दहा दिवसांनी बदलत असेल आणि स्प्रिंट पंधरा कामाच्या दिवसांचा असेल, तर प्लॅनिंगच्या दिवशीच त्यातलं काही काम फुकट जाणार हे ठरून गेलेलं असतं. फक्त कोणतं काम फुकट जाणार, एवढंच आपल्याला माहीत नसतं.

त्यामुळे लांबी ठरवताना पहिला प्रश्न टीमच्या वेगाचा नसतो. उचललेली स्टोरी सरासरी किती दिवस न बदलता राहते, हा पहिला प्रश्न असतो. वेग, टेस्टिंग, मीटिंगा यांचा विचार त्यानंतर येतो. त्या विचाराने बहुतेक वेळा पहिल्या उत्तराला मर्यादा पडते, आणि ती कशी पडते ते खाली उदाहरणात दिसेल.

स्क्रम गाईडमध्ये याबद्दल काही ठरलेलं आहे का?

एवढंच ठरलेलं आहे की स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी असावा आणि लांबी कायम ठेवावी. २०२० च्या आवृत्तीत असंही म्हटलंय की मुदत फार लांब झाली तर स्प्रिंटचं उद्दिष्टच कालबाह्य होऊ शकतं, गुंतागुंत वाढू शकते आणि धोकाही वाढू शकतो. एक, दोन की तीन आठवडे हे गाईड सांगत नाही. स्क्रमच्या सुरुवातीच्या काळात तीस दिवसांचा स्प्रिंट रूढ होता. आज दोन आठवडे इतके अंगवळणी पडलेत की अनेक टीम्सनी ती लांबी निवडलेली नसते, प्रोजेक्टसोबत ती आपोआप आलेली असते. हे पान त्यांच्यासाठीही आहे.

नवी मागणी आली तर ती वापरणाऱ्याच्या हातात पडायला किती दिवस लागतात?

हा हिशोब एकदा कागदावर करून बघावा, कारण क्लायंटशी बोलताना तो फार कामाला येतो.

मागणी कोणत्याही दिवशी येऊ शकते. चालू स्प्रिंट बंदिस्त ठेवला, तर ती पुढच्या प्लॅनिंगपर्यंत थांबते, म्हणजे सरासरी अर्धा स्प्रिंट. मग ती उचलली जाते आणि त्या स्प्रिंटच्या शेवटी तयार होते, म्हणजे आणखी एक पूर्ण स्प्रिंट. एकूण सरासरी दीड स्प्रिंट. मागणी प्लॅनिंग संपल्यासंपल्या आली तर जास्तीत जास्त दोन स्प्रिंट.

एक आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये हा काळ सरासरी दीड आठवडा आणि फार तर दोन आठवडे येतो. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तीन आणि फार तर चार आठवडे. तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये साडेचार आणि फार तर सहा आठवडे. हे सगळं मागणीला सर्वात वरचा क्रमांक मिळाला असं धरून आहे.

आता क्लायंटला विचारा, “महत्त्वाच्या बदलासाठी तुम्ही किती दिवस थांबू शकता?” उत्तर “दोन आठवडे” असेल आणि तुमचा स्प्रिंट तीन आठवड्यांचा असेल, तर तो मधेच येऊन स्टोऱ्या घुसवणार. त्यात त्याची बेशिस्त नाही. तुमच्या लांबीने त्याला दुसरी वाटच ठेवलेली नसते. मधेच होणाऱ्या घुसखोरीबद्दल तक्रार करणाऱ्या टीम्सनी हा हिशोब आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

“आमच्याकडे रिक्वायरमेंट सारख्या बदलतात” असं सगळेच म्हणतात. ते मोजायचं कसं?

मागचे पाच-सहा स्प्रिंट घ्या. प्रत्येक स्टोरीसाठी तीन गोष्टी लिहा: ती स्प्रिंटमध्ये घेतली तो दिवस, तिच्यात बदल सांगितला गेला असेल तर तो दिवस, आणि तोवर तिच्यावर किती काम झालं होतं. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे दोन-तीन तासांचं काम आहे.

Jira वापरत असाल तर स्क्रम बोर्डच्या Sprint Report मध्ये स्प्रिंट सुरू झाल्यावर घुसलेल्या स्टोऱ्यांपुढे चांदणी दिसते, आणि काढून टाकलेल्या स्टोऱ्या वेगळ्या दाखवलेल्या असतात. पण हा रिपोर्ट एक मोठी गोष्ट लपवतो. स्टोरी तीच राहते आणि तिच्या आतला मजकूर बदलतो, असा बदल त्यात दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक स्टोरीच्या History मध्ये जाऊन Description आणि स्वीकार-निकष कधी बदलले ते बघावं लागतं. यादी काढायला एवढं पुरतं:

```
sprint in closedSprints() AND updated >= -90d
```

बरेच बदल मात्र लिहिलेलेच नसतात. ते कॉलवर सांगितले जातात आणि डेव्हलपर मुकाट्याने कोड बदलतो. म्हणून यादी घेऊन डेव्हलपर आणि टेस्टर यांच्यासोबत अर्धा तास बसा आणि प्रत्येक स्टोरीबद्दल विचारा, “हिच्यात मधे काही फिरलं होतं का?” माझ्या अनुभवात या अर्ध्या तासात जेवढं कळतं, तेवढं टूलमधून कधीच कळत नाही.

कोणते बदल या हिशोबात धरायचे नाहीत?

सगळा घोळ इथेच होतो. स्प्रिंटमध्ये मधेच येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे रिक्वायरमेंट बदलणं नव्हे.

प्रॉडक्शनवरची तातडीची चूक ही वेगळी गोष्ट आहे. स्प्रिंट छोटा केल्याने त्या चुका कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी क्षमतेतला काही भाग राखून ठेवायचा असतो.

दुसरा प्रकार गैरसमजाचा. स्टोरीत लिहिलं होतं “अपॉइंटमेंट रद्द करता यावी” आणि कोडिंग सुरू झाल्यावर कुणीतरी विचारलं, “किती तास आधीपर्यंत?” क्लायंटचं उत्तर आधीही तेच होतं, फक्त आपण विचारलं नव्हतं. टीम याला बदल म्हणते, पण इथे काहीच बदललेलं नाही. यावर उपाय म्हणजे रिफाइनमेंटमध्ये जास्त प्रश्न विचारणं. स्प्रिंट छोटा केला तर हेच गैरसमज आठवड्याला होऊ लागतील, कारण रिफाइनमेंटला वेळ आणखी कमी मिळेल.

खरा बदल तो, ज्यात मागणाऱ्याचं मतच फिरलेलं असतं. त्याने काहीतरी नवं पाहिलं, बाजारात किंवा नियमात काही घडलं, किंवा त्याच्या वरिष्ठांनी प्राधान्य बदललं. स्प्रिंटची लांबी फक्त या प्रकारावरून ठरवायची.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

समजा, सहा जणांची एक टीम दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट घेण्याचं ॲप बनवते. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, सोमवारी सकाळी प्लॅनिंग, दुसऱ्या शुक्रवारी रिव्ह्यू. सहा स्प्रिंटचा, म्हणजे बारा आठवड्यांचा हिशोब काढला. एकूण ४८ स्टोऱ्या उचलल्या होत्या आणि “मधेच बदललं” अशा १९ नोंदी निघाल्या.

१९ हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, लगेच एक आठवडा करा. पण नोंदी वेगळ्या केल्यावर त्यातल्या ६ प्रॉडक्शनच्या चुका निघाल्या आणि ४ गैरसमज निघाले. खरे बदल ९ उरले. ४८ पैकी ९, म्हणजे पाचातली जवळपास एक स्टोरी.

हे ९ बदल सगळ्या दिवसांवर सारखे पसरलेले असते, तर अंदाज सोपा होता. दोन आठवड्यांत सुमारे १९ टक्के स्टोऱ्या बदलत असतील, तर एक आठवड्यात सुमारे १० टक्के बदलतील आणि तीन आठवड्यांत सुमारे २७ टक्के. पण प्रत्यक्षात बदल सारखे पसरलेले नसतात, म्हणून त्यांचे दिवस बघायचे. स्प्रिंटच्या दहा कामाच्या दिवसांत ते असे आले होते: दुसऱ्या दिवशी २, चौथ्या दिवशी १, सहाव्या दिवशी २, सातव्या दिवशी २, नवव्या दिवशी १ आणि दहाव्या दिवशी १.

दुसरा दिवस म्हणजे मंगळवार. सहावा आणि सातवा म्हणजे दुसऱ्या आठवड्यातला सोमवार आणि मंगळवार. नऊपैकी सहा बदल सोमवार-मंगळवारी आले होते. चौकशी केल्यावर कारण सापडलं. क्लायंटची अंतर्गत आढावा बैठक दर शुक्रवारी दुपारी व्हायची, आणि तिथले निर्णय पुढच्या सोमवार-मंगळवारी टीमपर्यंत पोहोचायचे. टीम सोमवारी सकाळी प्लॅनिंग करत होती, म्हणजे ताजे निर्णय हातात पडायच्या आधीच.

यातून दोन वेगळे उपाय निघतात.

पहिला उपाय स्प्रिंटला हातही न लावता होतो. प्लॅनिंग सोमवारऐवजी बुधवारी घ्यायचं. मग दुसऱ्या दिवशी आलेले ते २ बदल प्लॅनिंगच्या आधीच माहीत असतील. त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

दुसरा उपाय म्हणजे स्प्रिंट एक आठवड्याचा करणं, बुधवार ते मंगळवार. त्याने मधल्या सोमवार-मंगळवारचे ४ बदल सुटतात. त्या चारही स्टोऱ्या पहिला आठवडाभर रांगेत होत्या. स्प्रिंटमध्ये घेतल्या म्हणून कुणी त्यांचं डिझाइन करून ठेवलं, कुणी टेस्ट केस लिहिल्या, एकीचं कोडिंग तर सोमवारी सकाळी सुरूही झालं होतं. निर्णय आल्यावर प्रत्येकीमागे साधारण दोन माणूस-दिवस वाया गेले, म्हणजे बारा आठवड्यांत आठ. एक आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये या स्टोऱ्या निर्णय आल्यानंतरच्या बुधवारी उचलल्या गेल्या असत्या, आणि त्याआधी त्यांच्यावर कुणी दिवस घालवले नसते.

आता दुसरी बाजू. या टीमचं रिग्रेशन टेस्टिंग हाताने होतं. दर स्प्रिंटच्या शेवटी दोन माणसांना दीड-दीड दिवस लागतो, म्हणजे तीन माणूस-दिवस. बारा आठवड्यांत दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट होतात, त्याचे अठरा माणूस-दिवस. एक आठवड्याचे बारा स्प्रिंट होतील, त्याचे छत्तीस. म्हणजे आठ माणूस-दिवस वाचवायला अठरा जास्तीचे खर्च होतील. हा व्यवहार तोट्याचा आहे.

हेच रिग्रेशन ऑटोमेट केलं आणि एका माणसाच्या अर्ध्या दिवसावर आणलं, तर सहा स्प्रिंटना तीन माणूस-दिवस लागतील आणि बारा स्प्रिंटना सहा. जास्तीचा खर्च फक्त तीन, बचत आठ. आता एक आठवडा परवडतो.

म्हणून या टीमला माझा सल्ला क्रमाने असा असेल: या आठवड्यात प्लॅनिंग बुधवारी हलवा, लांबी दोन आठवडेच ठेवा, रिग्रेशनच्या ऑटोमेशनला लगेच हात घाला आणि ते अर्ध्या दिवसावर आलं की स्प्रिंट एक आठवड्याचा करा. चौथ्या, नवव्या आणि दहाव्या दिवसाचे उरलेले ३ बदल यातल्या कशानेही सुटत नाहीत. ते तसेच राहतील आणि ते चालेल.

या हिशोबात मीटिंगांचा खर्च का धरला नाही?

कारण तो बऱ्याच अंशी लांबीच्या प्रमाणात कमी-जास्त होतो. गाईडने एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगला कमाल आठ तास, रिव्ह्यूला चार आणि रेट्रोला तीन तास दिलेत आणि छोट्या स्प्रिंटमध्ये वेळ सहसा कमी लागतो असं म्हटलंय. प्रमाणात बसवलं तर एक आठवड्याला प्लॅनिंगसाठी दोन तास, रिव्ह्यूला एक तास आणि रेट्रोला पाऊण तास येतो. एक आठवड्याच्या स्प्रिंटचं प्लॅनिंग अर्धा दिवस चालत असेल, तर स्टोऱ्या आधी तयार झालेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

लांबीच्या प्रमाणात कमी न होणारा खर्च मात्र धरायलाच हवा: रिग्रेशन, रिलीजची मंजुरी, डिप्लॉयमेंटसाठी दुसऱ्या टीमकडे द्यावी लागणारी विनंती, सिक्युरिटीची तपासणी. हे स्प्रिंट कितीही छोटा केला तरी तेवढेच राहतात. एक आठवड्याचा स्प्रिंट बहुतेक ठिकाणी यांच्यामुळेच कोसळतो.

एक आठवड्याचा स्प्रिंट टीमला झेपत नाहीये हे कशावरून ओळखायचं?

सर्वात स्पष्ट खूण म्हणजे स्टोऱ्या सतत पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या जाणं. एखाद-दुसरी गेली तर काळजी नाही. पण सलग तीन-चार स्प्रिंट तिसरा हिस्सा स्टोऱ्या पुढे जात असतील, तर तुम्ही प्रत्यक्षात दोन आठवड्यांचाच स्प्रिंट चालवताय, फक्त मीटिंगा दुप्पट घेताय.

दुसरी खूण थोडी लपलेली असते. “डेव्हलपमेंट या स्प्रिंटला, टेस्टिंग पुढच्या स्प्रिंटला” असं सुरू होतं. बोर्डवर सगळं वेळेत दिसतं. पण स्टोरी वापरायला मिळेपर्यंत दोन स्प्रिंट जातात, आणि टेस्टरने काढलेली चूक पुढच्या स्प्रिंटच्या कामावर आदळते. रिक्वायरमेंट बदलायला मिळणारा काळही त्यामुळे पुन्हा दुप्पट होतो. म्हणजे ज्यासाठी स्प्रिंट छोटा केला तो हेतूच उरत नाही.

तिसरी, स्टोऱ्या चुकीच्या दिशेने चिरल्या जातात. एका आठवड्यात बसवायचं म्हणून “फक्त डेटाबेस”, “फक्त स्क्रीन” असे तुकडे पडतात. रिव्ह्यूमध्ये क्लायंटला बघायला काही नसतं, मग तो मत देत नाही, मग बदल उशिराच कळतो. स्टोरी अशी चिरायला हवी की छोटा तुकडाही वापरून बघता येईल. दवाखान्याच्या उदाहरणात, एकाच डॉक्टरची एकाच दिवसाची अपॉइंटमेंट आधी घेता यावी, बाकीचे दिवस नंतर. हा तुकडा एका आठवड्यात बसतो आणि दाखवताही येतो.

तीन आठवडे केव्हा योग्य?

दोन गोष्टी एकत्र असतील तेव्हा. खरे बदल फारच कमी असावेत, दहातल्या एका स्टोरीपेक्षाही कमी. आणि छोटं न होऊ शकणारं एखादं काम स्प्रिंटमध्ये दर वेळी असावं. हार्डवेअरवर तपासणी करावी लागणं, बाहेरच्या भागीदाराकडून प्रमाणपत्र घ्यावं लागणं, किंवा ज्याच्या सँडबॉक्सवर आठवड्यातून एकदाच पाळी मिळते अशा सिस्टिमशी जोडणी करावी लागणं, अशी ही कामं.

“आमच्या स्टोऱ्या मोठ्या आहेत म्हणून तीन आठवडे” हे कारण मला पटत नाही. मोठ्या स्टोऱ्या चिरता येत नसतील, तर तीन आठवड्यांतही त्या शेवटच्या चार दिवसांत टेस्टिंगला येतात, आणि त्यातल्या निम्म्यांबद्दल क्लायंटचं मत तोवर फिरलेलं असतं. तीन आठवड्यांचा बर्नडाउन चार्ट बघा. रेघ दोन आठवडे आडवी जाते आणि शेवटी एकदम खाली येते का? तसं असेल तर लांबीने तुम्हाला काही दिलेलं नाही, फक्त अडचण उशिरा दाखवली.

क्लायंट दोन आठवड्यांतून एकदाच रिव्ह्यूला येऊ शकतो. मग एक आठवड्याचा काही उपयोग आहे का?

निम्मा आहे. प्लॅनिंग दर आठवड्याला झाल्यामुळे नवा निर्णय लवकर आत घेता येतो. पण केलेल्या कामावरचं मत दोन आठवड्यांनीच मिळणार, आणि मत फिरवणारे बहुतेक बदल केलेलं काम पाहिल्यावरच सुचतात. अशा वेळी त्याच्या वतीने निर्णय घेऊ शकेल असा दुसरा माणूस शोधा. तो मिळत नसेल तर दोन आठवडेच ठेवा.

स्प्रिंट सुरू असताना बदल आलाच तर काय करायचं?

गाईडमध्ये स्प्रिंट काळात काहीच बदलू नये असं म्हटलेलं नाही. स्प्रिंटच्या उद्दिष्टाला धोका पोहोचेल असा बदल करू नये, एवढंच म्हटलंय. नवी माहिती मिळाल्यावर कामाची व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून पुन्हा ठरवता येते. त्यामुळे उद्दिष्टाशी संबंध नसलेली एखादी स्टोरी, जिच्यावर काम सुरू झालेलं नाही, ती बाहेर काढून तेवढ्याच आकाराची दुसरी आत घेतली तर काही बिघडत नाही. फक्त ती अदलाबदल नोंदवून ठेवा, कारण पुढच्या वेळी लांबी तपासताना हाच डेटा लागतो.

उद्दिष्टच निरर्थक झालं, तर स्प्रिंट रद्द करता येतो आणि तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे. हे क्वचित घडायला हवं. थोड्याच महिन्यांत दोनदा स्प्रिंट रद्द करण्यापर्यंत वेळ आली असेल, तर लांबी तुमच्या बदलाच्या वेगापेक्षा जास्त आहे हे सिद्धच झालं.

कामाप्रमाणे दर वेळी लांबी बदलली तर? कधी एक, कधी तीन?

नका करू. मागच्या स्प्रिंटवरून पुढचा अंदाज बांधायचा तर दोन्ही सारखे हवेत. शिवाय “या वेळी काम मोठं आहे, एक आठवडा वाढवू” ही सवय लागली की कोणताही स्प्रिंट वेळेत संपत नाही आणि कुणाला ते कळतही नाही.

लांबी बदलायची तर ठरवून बदला, आणि बदलल्यावर किमान पाच-सहा स्प्रिंट तीच ठेवा. पहिले दोन स्प्रिंट विस्कळीत जातातच, त्यावरून निकाल काढू नका. जुनी व्हेलॉसिटी सरळ निम्मी करून वापरू नका. दोन आठवड्यांत ३० पॉइंट होत असतील, तर एका आठवड्यात १५ होतील असं धरणं धोक्याचं आहे, कारण न बदलणारा खर्च आता अर्ध्या वेळेतून वजा होतो. पहिल्या स्प्रिंटला बारा-तेरा पॉइंटच उचला आणि पुढे प्रत्यक्ष आकड्यावर जा.

एकाच प्रॉडक्टवर दोन टीम्स आहेत. लांबी वेगळी ठेवली तर चालेल?

चालेल, पण एकीची लांबी दुसरीच्या पटीत असावी: एक आणि दोन, किंवा एक आणि तीन. दोन आणि तीन एकत्र ठेवले तर दोघींचा शेवट सहा आठवड्यांनी एकदाच जुळतो, आणि तोवर एकत्र दाखवण्यासारखं काही नसतं. स्क्रीनवर काम करणाऱ्या टीमकडे बदल जास्त येतात आणि आतल्या सेवांवर काम करणाऱ्या टीमकडे कमी, हे नेहमीचं चित्र आहे. तिथे एक आणि दोन ही जोडी छान बसते.

एक आठवड्याचा स्प्रिंट केला तरी निम्म्या स्टोऱ्या मधेच बदलतात. आता?

आधी पुन्हा एकदा बदल वेगळे करून बघा. प्रॉडक्शनच्या चुका आणि गैरसमज काढल्यावरही खरे बदल पाचातल्या दोन स्टोऱ्यांपेक्षा जास्त असतील, तर स्प्रिंट ही चौकट या कामासाठी नाही. चार दिवसांपुढचं सांगता येत नसेल, तर पाच दिवसांचं वचन कशाला द्यायचं?

अशा वेळी कानबान पद्धतीवर जा. स्टोरी आधी उचलून ठेवायची नाही. एकीचं काम संपलं की रांगेच्या डोक्यावर त्या क्षणी जी असेल ती घ्यायची. रांगेचा क्रम प्रॉडक्ट ओनरने रोज बदलला तरी चालतो. अट एकच, सुरू झालेल्या स्टोरीला हात लावायचा नाही. आणि एका वेळी सुरू असलेल्या स्टोऱ्यांची संख्या मर्यादित ठेवायची, सहा जणांच्या टीमला सुरुवातीला तीन किंवा चार. इथे बदलाला तोंड देणारा काळ स्प्रिंटची लांबी नसतो, एक स्टोरी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा काळ असतो. स्टोऱ्या तीन दिवसांत संपत असतील, तर मत फिरायला तीनच दिवस मिळतात.

रिव्ह्यू आणि रेट्रो मात्र ठरलेल्या दिवशी सुरू ठेवा, आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी. आणि बदलांची नोंद करणारी स्प्रेडशीट बंद करू नका. प्रॉडक्ट स्थिरावलं की खऱ्या बदलांचं प्रमाण खाली येतं. ते दोन-तीन महिने सलग पाचातल्या एका स्टोरीच्या आसपास राहिलं की एक आठवड्याच्या स्प्रिंटवर परत यायला हरकत नाही.